सातबाऱ्यावरच्या वर्तुळातला आकडा

आपल्याकडे जमिनीचा वाद निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सातबारा दाखव." समोरचा खिशातून घडी केलेला उतारा काढतो, त्यावर त्याच्या बापाचं नाव असतं, आणि निम्मे लोक तिथेच मान डोलावतात. नाव आहे म्हणजे जमीन त्याची. पण त्याच उताऱ्यावर नावाशेजारी एक आकडा असतो, त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर तो वर्तुळात असायचा, आताच्या संगणकीय उताऱ्यावर कंसात असतो. तो फेरफार क्रमांक. हे नाव इथे कोणत्या कारणाने, कुणाच्या जागी आणि कधी आलं, ते त्या आकड्यामागे लिहिलेलं आहे. सातबारा म्हणजे आजचा निकाल. त्यामागची हकीकत फेरफारात.

सध्या हा विषय काढायचं कारण आहे. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर झाली आणि मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायचं काम गावोगाव सुरू झालं. चांगलंच काम आहे. पण त्यातून आजोबा-पणजोबांच्या काळातली कागदं बाहेर निघाली, आणि त्या कागदांवरची तीन अक्षरं आता अनेक घरांत भांडणं लावताहेत. ए.कु.मॅ. या तीन अक्षरांची गोष्ट सांगायची तर थोडं मागे जावं लागेल.

इंग्रजांनी दख्खनमध्ये जमिनीची नीट मोजणी सुरू केली ती १८३५-३६ च्या सुमारास, आपल्या इंदापूर तालुक्यातून. गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी. आधी प्रिंगल नावाच्या साहेबाने केलेली मोजणी फसली होती, म्हणून ही दुसरी. शेताला नंबर द्यायचा, हद्दीवर दगड रोवायचा, जमिनीचा कस बघून सारा ठरवायचा, तो तीस वर्षं बदलायचा नाही, आणि सारा भरणाऱ्याचं नाव खात्यावर लिहायचं. तो खातेदार. व्यवस्था साधी आणि सरकारच्या सोयीची होती. सरकारला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, सारा कुणाकडून वसूल करायचा.

म्हणजे बघा, आपण आज ज्या कागदाला मालकीचा पुरावा म्हणतो त्याचा जन्म मालकीसाठी झालाच नव्हता, वसुलीसाठी झाला होता. घरात चार भाऊ असले तरी सरकारला सारा भरणारा एक पुरे. शेत सावकाराकडे गहाण पडलं, पीक सावकाराच्या वाड्यात जायला लागलं, तरी खात्यावर नाव कुणब्याचंच. उलट सावकाराला तेच बरं पडायचं, सारा कुणबी भरणार आणि धान्य आपण नेणार. पाटील-कुलकर्ण्यांना सगळं माहीत असायचं, पण दप्तरात त्याची जागाच नव्हती. खरे हक्क सावकाराच्या पेटीतल्या रोख्यांत होते. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले ते उगाच नाही. जमीन कुणाची हे ज्या कागदावर ठरत होतं तोच कागद त्यांनी जाळला.

त्या दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला, त्याच साली मुंबई जमीन महसूल कायदाही आला. तरी कुणाचा कोणत्या जमिनीवर कसला हक्क आहे याचं पुस्तक व्हायला आणखी चोवीस वर्षं लागली. १९०३ मध्ये मुंबई सरकारने हक्कनोंदणीचा, म्हणजे रेकॉर्ड ऑफ राइट्सचा, स्वतंत्र कायदा केला. १९१३ मध्ये तो मोडून त्यातली कलमं १८७९ च्याच महसूल कायद्यात घातली, १३५-अ पासून पुढे. गावाकडची जुनी माणसं अजून "एकशे पस्तीस-डची नोटीस आली" असं म्हणतात, ते कलम तिथलं. ते रद्द होऊन साठ वर्षं होत आली, पण बोलीत टिकून आहे.

मग अँडरसन साहेबाने गावचं दप्तर कसं ठेवायचं याचं मॅन्युअल लिहिलं आणि कागदांना नंबर पडले. गाव नमुना ६ म्हणजे फेरफाराची वही. नमुना ७ म्हणजे कुणाचा हक्क त्याचं पान, नमुना १२ म्हणजे पीकपाणी. ही दोन पानं एकत्र आली, तो सातबारा. यातला क्रम ध्यानात घ्या. हक्कात बदल झाला की आधी सहा नंबरच्या वहीत नोंद व्हायची, ती प्रमाणित झाली की मग सात नंबरच्या पानावर नाव चढायचं. सहाशिवाय सातवर काही चढू नये आणि काही उतरूही नये, हा मूळ नियम. (हे सगळं जुन्या मुंबई इलाख्याचं. मराठवाड्यात निजामाचं दप्तर वेगळं, तिथे खासरा पत्रक बघतात, आणि विदर्भाची पद्धतही वेगळी होती. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने सगळ्यांना एका नियमात आणलं.)

आजही सगळं याच चाकोरीतून जातं. १९६६ च्या कायद्याचं कलम १४९ सांगतं की जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवा. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडी तलाठीच आहे.) कलम १५० प्रमाणे तलाठी वहीत नोंद घालतो, चावडीवर लावतो आणि हितसंबंध असणाऱ्या प्रत्येकाला नोटीस काढतो. त्या नोटिशीला नमुना ९ म्हणतात. हरकतीला पंधरा दिवस. पूर्वी या काळात सातबाऱ्यावर नुसता पेन्सिलीने फेरफार नंबर टाकायचे. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी, म्हणजे आपला सर्कल, नोंद तपासून प्रमाणित करतो. मग पेन्सिलीवर शाई फिरायची. हरकत आली तर प्रकरण तक्रारीच्या रजिस्टरला जातं, तलाठ्याने हरकतीची पोच द्यायची, आणि दोन्ही बाजू ऐकून निकाल होतो. तो मान्य नसेल तर प्रांताकडे साठ दिवसांत अपील.

कलम १४९ मध्येच एक सूट आहे आणि तिथेच खरेदी आणि वारसा यांच्या वाटा वेगळ्या होतात. नोंदणीकृत दस्ताने हक्क मिळाला असेल तर खरेदीदाराने तलाठ्याला कळवलंच पाहिजे असं नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून ती माहिती पुढे जाते. पूर्वी सूची दोनचा कागद जायचा, आता ई-फेरफारमध्ये संगणकावरून जाते. वारशाला मात्र दस्तच नाही. माणूस गेला त्या क्षणी हक्क वारसांकडे आला, पण ते सरकारला कोण सांगणार? घरच्यांनी मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी देऊन अर्ज केला तरच वारस रजिस्टरला नोंद होते, चौकशी होते आणि पुढे फेरफार पडतो. कुणी गेलंच नाही तर मेलेला माणूस उताऱ्यावर चाळीस-चाळीस वर्षं शेती करत राहतो. खरेदीची नोंद राहिली तर कुठेतरी एक नोंदलेला दस्त शिल्लक असतो. वारशाची नोंद राहिली तर शिल्लक राहते फक्त माणसांची आठवण, आणि ती माणसंही एकेक करून जातात.

आता ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. काही गावांत ए.कु.पु. लिहिलेलं सापडेल, पुढारी. काही ठिकाणी ए.कु.क., कर्ता. अर्थ एकच. बाप वारला, मागे तीन मुलगे, घर एकत्र. मग तिघांची नावं लावत कोण बसणार? साऱ्याची पावती एकाच्या नावाने फाटली की झालं. थोरल्याचं नाव लावायचं आणि पुढे ए.कु.मॅ. लिहायचं. म्हणजे हा मालक म्हणून नाही, सगळ्यांच्या वतीने उभा आहे. सरकारची जुनी सारावसुलीची सवय आणि आपली एकत्र कुटुंबाची रीत, दोन्ही त्या तीन अक्षरांत मावल्या.

आता एक उदाहरण घेऊ. आमच्या तालुक्यात पाहिलेली दोन-तीन प्रकरणं एकत्र करून मांडतोय, त्यामुळे नाव-गाव शोधत बसू नका. आकडेही समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

पंधरा एकराचा खातेदार १९३४ साली वारला. मुलगे तीन. त्या वेळी फेरफार पडला, समजा ४१२ नंबरचा. त्यात लिहिलंय की खातेदार मयत, वारस तीन मुलगे, पैकी थोरल्याचं नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल. म्हातारीचं नाव इतर हक्कात, पोटगीपुरतं, कारण तेव्हा बाईला तेवढंच. खाली सर्कलची सही. इथपर्यंत सगळं चोख आहे. मधला पुढे मुंबईला गिरणीत लागला. धाकटा थोरल्याबरोबर शेतात राबत राहिला. मधला शिमग्याला आणि जत्रेला यायचा, जाताना ज्वारीचं पोतं न्यायचा. त्या पोत्यातच त्याचा हिस्सा होता असं सगळे धरून चालले. कागद कुणी बघितला नाही.

साठच्या दशकात गावात एकत्रीकरण योजना आली. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि सातबारे नव्याने लिहिले गेले. त्याशिवाय हस्तलिखित सातबाऱ्याचं पान भरलं की दर दहा वर्षांनी नवं लिहायची पद्धत होतीच. नवं पान लिहिणाऱ्या तलाठ्याने थोरल्याचं नाव उतरवलं, क्षेत्र उतरवलं, आकार उतरवला. पुढची तीन अक्षरं राहिली. घाईत राहिली, जागा नव्हती म्हणून राहिली, की कुणी चहा पाजला म्हणून राहिली, हे आता कोण सांगणार. माझा स्वतःचा अंदाज विचाराल तर बहुतेक ठिकाणी तो निव्वळ आळस होता. परिणाम मात्र एकच. काल जो सगळ्यांच्या वतीने उभा होता तो आज एकटा मालक दिसायला लागला.

१९७४ ला थोरला वारला. त्याच्या वारसांचा फेरफार पडला, बायको आणि दोन मुलगे कब्जेदार सदरी, मुलीचं नाव इतर हक्कात. १९५६ चा हिंदू वारसा कायदा येऊन अठरा वर्षं झाली होती, बापाच्या हिश्शात मुलगी वारस होती, तरी तिला पोटगीवाल्या म्हातारीच्या रकान्यात बसवली. असे फेरफार शेकड्यांनी सापडतात. मधल्याला आणि धाकट्याला नोटीस गेली नाही, कारण नोटीस कागदावर ज्यांचं नाव आहे त्यांना जाते, आणि कागदावर ते आता नव्हतेच. १९९६ मध्ये थोरल्याच्या मुलांनी चार एकर शेजाऱ्याला नोंदणीकृत खरेदीखताने विकलं. फेरफार पडला, प्रमाणित झाला. राहिले अकरा एकर.

आता मधल्याचा नातू गावी येतो आणि म्हणतो, आमचा हिस्सा? चुलते उतारा पुढे करतात. त्यात त्याच्या आज्याचं नाव कुठेच नाही.

इथे उताऱ्यावर बोट ठेवून भांडण्यात अर्थ नसतो. वर्तुळातले आकडे धरून मागे जायचं. आजच्या उताऱ्यावर १९९६ चा आणि १९७४ चा फेरफार दिसतो. १९७४ चा काढला की कळतं, नाव थोरल्याकडून आलं. थोरल्याकडे कुठून आलं? जुना हस्तलिखित सातबारा काढायचा, त्यावर वर्तुळात ४१२. तहसीलच्या अभिलेख कक्षातून ४१२ ची प्रमाणित नक्कल घ्यायची. बऱ्याच तालुक्यांचं जुनं दप्तर स्कॅन झालंय, महाभूमीच्या संकेतस्थळावर शोधता येतं, पण कोर्टात प्रमाणित नक्कलच लागते. गट नंबर पूर्वीच्या कोणत्या सर्व्हे नंबरांपासून झाला हे जुळवायला भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घ्यावा लागतो. तो नसेल तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणणार, ही ४१२ ची जमीन दुसरीच.

साखळी पूर्ण झाली की मुख्य प्रश्न असा विचारायचा: मधला आणि धाकटा कोणत्या फेरफाराने गेले? वाटप झालं असेल तर वाटपाचा फेरफार हवा. हक्क सोडला असेल तर नोंदलेलं हक्कसोडपत्र आणि त्याचा फेरफार हवा. विकला असेल तर खरेदीचा. आपल्या उदाहरणात ४१२ नंतर थेट १९७४ येतो, मध्ये काही नाही. म्हणजे हक्क गेल्यासारखा दिसतोय पण जाण्याची नोंद नाही. जुन्या दप्तरातली चूक ओळखायची यापेक्षा चांगली खूण माझ्या बघण्यात नाही. नाव गायब असलं की लोक घाबरतात, पण नाव गायब असणं आणि हक्क संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याला कायद्याचा आधार आहे. कलम १५७ म्हणतं की हक्कनोंदीतली आणि प्रमाणित फेरफारातली नोंद खरी मानायची, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. हेच जुन्या कायद्यात १३५-ज ला होतं. सर्वोच्च न्यायालयाने बलवंत सिंग विरुद्ध दौलत सिंग या १९९७ च्या निकालात सांगितलं, सुरज भान प्रकरणात २००७ ला सांगितलं, पुन्हा २०२१ मध्ये जितेंद्र सिंग प्रकरणात सांगितलं की महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही. ती नोंद महसुलापुरती. म्हणजे इंदापूरच्या मोजणीत जो हेतू होता तोच आजही कायद्याला दिसतो. मालकी येते ती खरेदीखत, वारसा, वाटप, बक्षीसपत्र, मृत्युपत्र यांतून. फेरफार ती झाल्याची गावदप्तरी बातमी आहे.

मग कुणी म्हणेल, मालकी फेरफाराने येतच नाही तर धावपळ कशाला? कारण व्यवहारात सगळे त्या बातमीवरच विसंबतात. सोसायटीचं पीककर्ज उताऱ्यावर मिळतं. पीकविमा उताऱ्यावर. रस्त्याला, धरणाला, कॅनॉलला जमीन गेली तर नोटीस आणि मोबदला आधी उताऱ्यावरच्या नावाला. एकदा वाटून गेलेला मोबदला भावाकडून परत काढणं कसं असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. आणि विकायला निघाल्यावर गिऱ्हाईक तर पहिल्यांदा उताराच मागतं.

खरेदी घेतलेल्यांची गत बघा. १९८५ ला एकाने दोन एकर नोंदणीकृत खरेदीखताने घेतलं, पैसे दिले, ताबा घेतला, दस्त ट्रंकेत ठेवला. सूची दोन तलाठ्याकडे पोचली नाही, किंवा पोचली आणि नोंद कशात तरी अडकली. यानेही चौकशी केली नाही. उताऱ्यावर विकणाराच राहिला. २०१० मध्ये विकणारा वारला, त्याच्या मुलांची वारसनोंद झाली, त्यांनी उतारा दाखवून तीच जमीन तिसऱ्याला विकली. कायद्याने बघाल तर १९८५ चा दस्त आधीचा, बापाकडे विकायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे मुलांकडेही नाही. पहिला खरेदीदार बहुधा जिंकेल. पण त्यासाठी दिवाणी दावा, मनाई अर्ज, अपील, आणि मधली किती वर्षं याचा हिशोब नाही. १९८५ ला तलाठ्याकडे एक चक्कर मारली असती तर दुसरी खरेदी उभीच राहिली नसती.

खरेदीच्या नोंदी अडकतात त्याची कारणंही ठरलेली. विकणाऱ्याचं नावच उताऱ्यावर नसतं, अजून त्याच्या बापाचं असतं. दस्तातलं क्षेत्र आणि उताऱ्यावरचं क्षेत्र जुळत नाही. तुकडेबंदीत बसत नाही. सहहिस्सेदाराची नोटीस बजावलीच गेलेली नसते. मग नोंद रद्द होते आणि लोक समजतात खरेदी रद्द झाली. तसं नाही. सर्कलला दस्त रद्द करता येत नाही, तो फक्त नोंद नाकारतो. कारण वाचायचं, दुरुस्त होण्यासारखं असेल तर चूक-दुरुस्ती दस्त करून पुन्हा नोंद घालायची, नाहीतर मुदतीत अपील. पण शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून जमीन घेतली असेल तर मात्र फेरफाराची वाट बघू नका. शेतजमिनीची अशी खरेदी नोंदणीशिवाय होतच नाही. तिथे अडचण फेरफाराच्या आधीचीच आहे.

परत आपल्या पंधरा एकराकडे. मधल्याच्या नातवापुढे दोन दारं आहेत. एक तहसीलदाराचं. कलम १५५ खाली लेखनातली चूक दुरुस्त करता येते. ४१२ मध्ये ए.कु.मॅ. आहे, नव्या पानावर नाही, मध्ये फेरफार नाही, म्हणजे नकलेत राहिलेली चूक, असा अर्ज करता येतो. चुलते कबूल असतील तर इथेच मिटतं, पुढे संमतीने कलम ८५ खाली वाटपही करून घेता येतं. पण १५५ ची मर्यादा आहे. त्यात हक्काचा वाद ठरवता येत नाही. चुलते म्हणाले, "मधल्याने त्याच वेळी रोख रक्कम घेऊन हिस्सा सोडला," की तो वाद झाला, आणि तहसीलदार बहुतेक वेळा दुसरं दार दाखवतात.

ते दिवाणी कोर्टाचं, वाटपाच्या दाव्याचं. तिथे ४१२ ची नक्कल सगळ्यात वजनदार कागद ठरतो, कारण ती भांडण सुरू व्हायच्या आधीची, सगळ्यांच्या समक्ष झालेली, सर्कलने प्रमाणित केलेली आहे. चुलत्यांना मग हिस्सा सोडल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि तोंडी सोडल्याचं नव्वद वर्षांनी सिद्ध करणं सोपं नाही. त्यांनी त्या वेळी वाटपाचा फेरफार करून घेतला असता तर आज तेच वाचले असते. पण नातवालाही घाई आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळल्याचं कळल्यापासून दावा करायला बारा वर्षं. एकदा चुलत्यांनी तोंडावर "तुझं काही नाही" म्हटलं, किंवा तशी नोटीस आली, की घड्याळ सुरू झालं असं समोरचा वकील म्हणणारच.

हिस्से बघू. पंधरा एकराचे तीन, प्रत्येकी पाच. थोरल्याच्या मुलांनी चार विकले. ते त्यांच्या पाचात बसतात, म्हणून कोर्ट शक्यतो ते चार एकर थोरल्याच्या हिश्शात धरतं आणि विकत घेणाऱ्या शेजाऱ्याला हात लागत नाही. राहिलेल्या अकरातून मधल्याचे पाच, धाकट्याचे पाच, थोरल्याच्या घराला एक. त्यांनी सात एकर विकले असते तर वरचे दोन एकर घेणारा शेजारी अडचणीत आला असता. जमीन घेताना नुसता आजचा उतारा बघू नका असं वकील म्हणतात ते यासाठी. तीस-चाळीस वर्षांचे फेरफार काढून वाचायचे, आणि कुठे ए.कु.मॅ. दिसलं तर बाकीचे भाऊ कुठे गेले ते विचारायचं.

आणि 'इतर हक्का'त बसवलेली थोरल्याची मुलगी? ती अजून हयात असेल तर तिच्या बापाच्या हिश्शात तिचंही आहे. रकाना चुकीचा असल्याने तिचा वारसा बुडत नाही. २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा विनीता शर्मा निकाल यांनंतर मुली वडिलोपार्जित जमिनीतही जन्मापासून हिस्सेदार झाल्या, तो विषय मोठा आहे, वेगळा लिहीन.

ए.कु.मॅ. शेरे काढून सगळ्या हिस्सेदारांची नावं लावा अशा सूचना महसूल खात्याने वेळोवेळी दिल्या आहेत. यात एक बारीक फरक आहे, तो तुमच्या गावात कसा होतोय ते जाऊन बघा. शेरा काढून त्याच्या जागी तिघा भावांच्या वारसांची नावं लागली तर दुरुस्ती झाली. नुसती अक्षरं काढली आणि थोरल्याच्या घराची नावं तशीच राहिली तर साठच्या दशकात तलाठ्याने जे चुकून केलं तेच आता संगणकावर रीतसर होईल, आणि या वेळी त्याला फेरफार नंबरही असेल. असा फेरफार घातला की त्याची नोटीस 'आपली चावडी' या संकेतस्थळावर दिसते. जिल्हा, तालुका, गाव टाकलं की चालू नोंदी बघता येतात, पैसे पडत नाहीत. पुण्या-मुंबईत किंवा सुरतेत राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा बघावं. हरकत लेखी द्यायची, पंधरा दिवसांच्या आत, सोबत जुन्या फेरफाराची नक्कल जोडायची, आणि पोच घेतल्याशिवाय चावडीतून निघायचं नाही.